फोटो पुसल्यावर गुणपत्रिकेचा तक्ता जुळेना : दहावीची टक्केवारी कोणत्या बेरजेवरून काढावी?

श्रीरंग_नौपाडा

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यातील आमच्या वसाहतीचे मंडळ दहावीत ८५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या मुलांना दरवर्षी एक छोटी शिष्यवृत्ती देते. पालक गुणपत्रिकेचा फोटो मंडळाच्या मोबाइलवर पाठवतात, आम्ही दोघे स्वयंसेवक त्यातील विषय व गुण आपापल्या वहीत स्वतंत्रपणे उतरवून घेतो आणि नोंद झाली की फोटो पुसून टाकतो. मुलांची आसन क्रमांक, आईचे नाव अशी माहिती असलेली कागदपत्रे मंडळाच्या मोबाइलमध्ये पडून राहू नयेत, असा ठराव सर्वांनी मिळून केलेला आहे आणि तो मला योग्यच वाटतो.

या वेळी एका मुलीच्या नोंदीत अडचण आली आहे. माझ्या वहीत तिचे गुण असे आहेत : मराठी ८४, हिंदी ७६, इंग्रजी ७९, गणित ९१, विज्ञान व तंत्रज्ञान ८८, सामाजिक शास्त्रे ८५. माझ्या सहकाऱ्याच्या वहीत चार विषय अगदी तेच आहेत, मात्र हिंदी ७० आणि गणित ९७ असे लिहिलेले आहे. फोटो तिरका काढलेला होता आणि गुणपत्रिकेवर प्लास्टिकचे आवरण असल्यामुळे मधोमध उजेडाचा पट्टा आला होता, एवढे आम्हा दोघांनाही आठवते. पानाच्या कोपऱ्यात मी ‘एकूण ४२७’ असेही लिहून ठेवले आहे, पण ते कितीपैकी हे लिहिलेले नाही.

माझ्या सहा विषयांची बेरीज ५०३ येते आणि सहकाऱ्याची ५०३ च येते, पण दोन्हींचा ४२७ शी मेळ बसत नाही. ५०३ ला ६०० ने भागले तर ८३.८३ टक्के होतात, म्हणजे मुलगी अपात्र ठरते. मुलीचे कुटुंब सध्या गावी आहे, गुणपत्रिका इथल्या घरी कुलुपात आहे आणि यादी रविवारच्या सभेत ठेवायची आहे. उतरवून घेतलेल्या या आकड्यांवरून खात्रीची टक्केवारी काढता येईल का?

मावळतीची_वाट

पुसलेला फोटो अजून परत मिळू शकेल. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसल्यानंतरही ६० दिवस कचरापेटीत राहतो, बॅकअप झालेला नसेल तर ३० दिवस राहतो. कचरापेटी उघडून फोटोवर बोट दाबून धरावे आणि तो पुन्हा जागेवर आणावा. माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो मी असेच परत मिळवले होते.

श्रीरंग_नौपाडा

आपण सुचवलेला मार्ग मला ठाऊक आहे, परंतु आम्ही कचरापेटीही रिकामी करतो, कारण ठरावाचा हेतूच तो आहे. फोटो परत आणण्याचा मार्ग मी शोधत नाही. जे आकडे हाती आहेत त्यांवरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

नेरूळकर

ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. राज्य मंडळाच्या दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आहे, म्हणजे सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून ५०० पैकी टक्केवारी काढतात. तुमच्या बेरजेतून सर्वांत कमी गुणांचा विषय, म्हणजे हिंदीचे ७६, वजा करा. ५०३ वजा ७६ म्हणजे ४२७. तुम्ही लिहून ठेवलेले एकूण हेच आहे. फरक बरोबर हिंदीच्या गुणांएवढा निघाला, याचा अर्थ तुमच्या वहीतील सहाही आकडे अचूक आहेत आणि सहकाऱ्याचे चुकले आहेत. टक्केवारी ८५.४०. मुलगी पात्र आहे.

कळवा_पूल

मी ठाण्यातील एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात बरीच वर्षे निकालाचे काम केले आणि आता निवृत्त आहे. नेरूळकरांनी दिलेली टक्केवारी बरोबर आहे, परंतु त्यावरून त्यांनी काढलेला दुसरा निष्कर्ष, म्हणजे हिंदीचे गुणही पडताळले गेले हा, बरोबर नाही. तो धरून चालल्यास तक्त्यात एक न तपासलेला आकडा तपासलेला म्हणून कायमचा बसेल, म्हणून सविस्तर लिहिते.

हिंदी वगळून उरलेले पाच विषय घ्या : ८४, ७९, ९१, ८८ आणि ८५. यांची बेरीज ४२७ होते. आता हिंदीला ७६ च्या जागी ७० धरा. सहा विषयांची बेरीज ४९७ होईल, त्यातून सर्वांत कमी, म्हणजे ७०, वजा केले की पुन्हा ४२७ च उरतात. ६५ धरले तरी तेच. जो विषय वगळला जातो, तो आधी बेरजेत मिळवला जातो आणि लगेच वजा होतो, त्यामुळे त्याचे गुण काहीही असले तरी ‘फरक बरोबर हिंदीएवढा’ निघणारच. तो जुळण्याने हिंदीविषयी काहीही सिद्ध होत नाही. छापील एकुणाला हिंदीबद्दल एवढेच सांगता येते की ते गुण ७९ पेक्षा जास्त नाहीत. ते ८० असते तर वगळला जाणारा विषय इंग्रजी ठरला असता आणि एकूण ४२८ छापले गेले असते.

गणिताची गोष्ट मात्र वेगळी आहे. ९७ धरले तर पाच विषयांची बेरीज ४३३ होते आणि ती छापील एकुणाशी जुळत नाही. म्हणून गणितात ९१ हे वाचन पक्के होते. 1 आणि 7 या इंग्रजी आकड्यांची गफलत उजेडाच्या पट्ट्याखाली नेहमी होते, 0 आणि 6 यांचीही होते. आपल्या दोघांच्या नोंदींत नेमके हेच दोन घोटाळे दिसतात आणि दोन्हींत फरक सहाचाच आहे. एका वहीत हिंदी सहाने जास्त व गणित सहाने कमी असल्यामुळे दोघांच्याही सहा विषयांच्या बेरजा ५०३ आल्या. केवळ बेरजा ताडून पाहिल्या असत्या, तर दोन्ही नोंदी सारख्याच आहेत असे समजून आपण पुढे गेला असतात. आपण आकडे विषयवार ताडून पाहिलेत, ते योग्य झाले.

श्रीरंग_नौपाडा

ताई, मनापासून आभार. म्हणजे ८५.४० ही टक्केवारी पक्की आहे, परंतु हिंदीचे गुण पक्के नाहीत, असे मी समजू का? आणि कोपऱ्यातील ४२७ हे ५०० पैकीच आहेत हे कशावरून म्हणावे? ते तर मी लिहिलेलेच नाही.

कळवा_पूल

हो, तसेच समजावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच आकड्यांत आहे. सहा विषयांची बेरीज हिंदी ७० धरली तरी ४९७ येते, म्हणजे ६०० पैकी ४२७ हे एकूण असूच शकत नाही. दोन वहींत ज्या विषयांवर एकमत आहे त्यांतील सत्तर-ऐंशी गुण चुकीने जास्त लिहिले गेले असते तरच ते शक्य होते, आणि दोन माणसांकडून स्वतंत्रपणे तीच एवढी मोठी चूक होणे मला संभवत नाही.

याखेरीज एक सोपी खूण सांगते. पुढच्या वेळी छापील टक्केवारीही उतरवून घ्या, कारण दशांश चिन्हापुढचे आकडे कितीपैकी भागले आहे ते सांगतात. पूर्ण गुणांना ५०० ने भागून टक्के काढले, तर दशांशात .००, .२०, .४०, .६० किंवा .८० यांशिवाय दुसरे काही येऊच शकत नाही. ६०० ने भागले तर .००, .१७, .३३, .५०, .६७ किंवा .८३ येते. त्यामुळे ८५.४० हे ६०० पैकी निघू शकत नाही आणि ८३.८३ हे ५०० पैकी निघू शकत नाही. कुणी दहावीच्या बेस्ट ऑफ फाइव्हची टक्केवारी म्हणून ८५.५० लिहून पाठवली, तर वाचनात किंवा भागाकारात कुठेतरी चूक आहे हे फोटो नसतानाही कळते. फक्त .०० आले तर ही खूण उपयोगी पडत नाही.

नेरूळकर

ताईंचे म्हणणे मला पटले. हिंदीविषयीचे माझे विधान मी मागे घेतो. मात्र प्रत्यक्षात त्याने काही बिघडते का? शिष्यवृत्तीसाठी ८५.४० पुरेसे आहेत, मग हिंदी ७६ असो की ७०.

कळवा_पूल

मंडळाचा नियम काय म्हणतो त्यावर ते अवलंबून आहे. ‘दहावीत ८५ टक्के’ एवढेच लिहिले असेल तर गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारी धरणे रास्त आहे. पण काही संस्था सर्व विषयांची टक्केवारी मागतात. तशी मागणी आली तर हिंदी ७६ असल्यास ५०३ चे ८३.८३ टक्के होतात आणि ७० असल्यास ४९७ चे ८२.८३ टक्के होतात, म्हणजे पूर्ण एका टक्क्याचा फरक पडतो. फोटो पुसल्यानंतर हा तक्ताच एकमेव नोंद म्हणून उरणार आहे, तेव्हा आज कोणता प्रश्न विचारला जात आहे यापेक्षा उद्या कोणता विचारला जाईल याचा विचार करून तो भरावा, असे माझे मत आहे. हिंदीच्या चौकटीत ‘७६ किंवा ७०, अनिश्चित’ असे लिहा. रिकामी ठेवू नका आणि अंदाजाने एक आकडाही ठरवू नका.

खरे तर ही वेळ टाळता येण्यासारखी होती. मूळ छापील गुणपत्रिकेवर प्रत्येक विषयाचे गुण अंकांत आणि अक्षरांतही दिलेले असतात. अंकात 070 आणि 076 यांत गफलत होऊ शकते, परंतु इंग्रजीत SEVENTY आणि SEVENTY SIX यांची लांबीच इतकी वेगळी असते की अस्पष्ट फोटोतही ती ओळखू येते. वगळल्या जाणाऱ्या विषयाला एकूण बेरजेचा आधार नसतो, त्याला फक्त या अक्षरी रकान्याचा आधार असतो. म्हणून निदान सर्वांत कमी गुणांच्या विषयाचे अक्षरी गुण तरी अवश्य वाचून घ्यावेत.

खारघर_आई

माझी अडचण वेगळी आहे, पण विषय हाच असल्याने लिहिते. माझ्या मुलीची दहावी सीबीएसईची आहे. तिच्या गुणपत्रिकेवर एकूण गुण आणि टक्केवारी छापलेलीच नाही. एका ठिकाणच्या अर्जात टक्केवारी मागितली होती, तेव्हा मी लेखी, अंतर्गत आणि एकूण या तिन्ही रकान्यांतील आकडे तक्त्यात उतरवले आणि बेरीज केली, तर ती कमाल गुणांपेक्षाही जास्त आली. शिवाय तिला सहावा विषय होता, तो धरायचा की नाही हेही कळेना. अशा वेळी काय करावे?

घणसोली_तक्ता

मी नवी मुंबईत कार्यालयीन तक्ते तयार करण्याचे काम करतो. आपल्या बाबतीत प्रत्येक विषय दुप्पट मोजला गेला, कारण ‘एकूण’ या रकान्यात लेखी आणि अंतर्गत गुण आधीच मिळवलेले असतात. तक्त्यात एका विषयाची एकच ओळ आणि बेरजेत एकच रकाना असावा. लेखी व अंतर्गत गुण जपून ठेवायचे असतील तर ते बाजूला ठेवावेत आणि बेरजेच्या कक्षेत घेऊ नयेत. ते दोन मिळवून एकूण येते का हे तपासायला मात्र त्यांचा चांगला उपयोग होतो, आणि जिथे छापील एकूण बेरीज नाही तिथे विषयवार तपासणीला हाही एक आधार असतो.

सहाव्या विषयाबद्दल मी ठामपणे सांगू शकत नाही. पाच मुख्य विषय धरणारे आहेत, सर्वोत्तम पाच धरणारे आहेत, सहाही धरणारे आहेत. अर्ज मागवणाऱ्यालाच विचारावे आणि कोणत्या पद्धतीने टक्केवारी काढली ते तिच्या शेजारी लिहावे. आपल्याकडे २०१० ते २०१७ या काळातील सीबीएसईची दहावीची गुणपत्रिका आली तर तिच्यात गुणच नसतात, श्रेणी आणि सीजीपीए असतो. त्याला ९.५ ने गुणून अंदाजे टक्केवारी काढण्याची पद्धत सीबीएसईनेच दिलेली होती. अशा गुणपत्रिकेतून विषयवार गुणांचा तक्ता मागाहून तयार करता येत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

श्रीरंगजी, तुमच्या तक्त्यासाठी दोन सूत्रे पुरेशी आहेत. विषय दुसऱ्या ते सातव्या ओळीत आहेत, B मध्ये कमाल गुण आणि C मध्ये मिळालेले गुण आहेत, असे धरले आहे.

```
=COUNT(C2:C7)
=SUM(C2:C7)-MIN(C2:C7)
```

पहिल्याचे उत्तर सहा आले तरच दुसऱ्याकडे पाहावे. कारण असे की एखाद्या चौकटीत ‘88 ?’ किंवा ‘79+5’ असे लिहिले, किंवा तो रकाना मजकुराचा म्हणून ठेवलेला असताना ‘088’ लिहिले, तर तक्ता त्याला संख्या मानत नाही. SUM ते गुण गुपचूप सोडून देते आणि कोणतीही सूचना येत नाही. तुमच्याच उदाहरणात विज्ञानाचे ८८ असे मजकूर म्हणून बसले, तर बेरीज ४१५ होईल, तीतून हिंदीचे ७६ वजा होऊन ३३९ उरतील आणि ६७.८० टक्के दिसतील. दशांशाची खूणही इथे फसवेल, कारण .८० हे शक्य दिसणारे उत्तर आहे. देवनागरी आकडे टंकलेले असतील तरीही हीच शक्यता असते. म्हणून संशयाची खूण गुणांच्या चौकटीत कधीही करू नये, त्यासाठी शेजारी वेगळा रकाना ठेवावा.

कळवा_पूल

घणसोलीकरांनी कमाल गुणांचा स्वतंत्र रकाना ठेवला, हे फार चांगले केले. प्रत्येक विषय १०० गुणांचाच असतो असे गृहीत धरून पुष्कळ तक्ते बिघडतात. १९९० च्या दशकातील दहावीच्या गुणपत्रिकेत गणित १५० गुणांचे आणि एकूण ७५० असे. ती आजच्या तक्त्यात भरली तर गणितात शंभरातून एकशे बारा मिळाल्याचे दिसेल, किंवा तसे दिसू नये म्हणून कुणीतरी आकडाच ‘दुरुस्त’ करील.

आजच्या मुलांत याचेच दुसरे रूप आढळते. ज्यांनी हिंदी संयुक्त व संस्कृत संयुक्त घेतलेले असते, त्यांचे ५०-५० गुण मिळून शंभराचा एकच विषय होतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकावरून किंवा पालकांनी हाताने लिहून दिलेल्या कागदावरून ते दोन ओळींत उतरवले जातात. मग तक्त्यात सात ओळी होतात आणि MIN त्यांतील ४१ किंवा ४४ ला सर्वांत कमी गुणांचा विषय समजून वगळते. उदाहरणार्थ, हिंदी ४१ आणि संस्कृत ४८ असतील, तर त्या विषयाचे गुण ८९ होतात आणि वगळला जाण्याचा प्रश्न दुसऱ्याच विषयाचा असतो. अर्धे भाग आधी एकत्र करावेत आणि मगच सर्वांत कमी कोण ते पाहावे.

आणखी एक गोष्ट राहिली. शासकीय रेखाकला परीक्षेचे किंवा खेळाचे वाढीव गुण मिळालेले असतील, तर ते विषयांत नसतात, एकुणात वेगळे मिळवलेले असतात. इंटरमिजिएटच्या ‘ब’ श्रेणीला पाच गुण मिळतात. समजा, या मुलीला ते असते, तर पाच विषयांचे ४२७ आणि वाढीव ५ मिळून ४३२ झाले असते आणि टक्केवारी ८६.४० छापली गेली असती. आता फोटो पुसलेला आहे आणि तक्त्यात फक्त विषय व एकूण आहे, अशा स्थितीत बेरीज पाचाने कमी पडताना दिसली, तर दोन शक्यता समोर येतात. एक म्हणजे वाढीव गुण, आणि दुसरी म्हणजे एखाद्या विषयात एककाच्या जागी 8 ऐवजी 3 वाचला गेला, कारण त्यातही नेमका पाचाचाच फरक पडतो. फरक सहाचा असता तर 1 व 7 किंवा 0 व 6 यांच्यावर संशय घेता आला असता. पाचाच्या फरकात मात्र तक्त्याकडे पाहून कारण ठरवता येत नाही. त्यामुळे वाढीव गुणांचा रकाना ठेवावाच, आणि ते नसतील तेव्हा तिथे शून्य लिहावे. रिकामी चौकट पाहून ‘गुण नव्हते’ की ‘पाहायचे राहिले’ हे नंतर कुणालाही सांगता येत नाही.

मावळतीची_वाट

आता मला मूळ प्रश्न नीट समजला. एक शंका आहे. दोघांनी हाताने लिहिण्यापेक्षा फोटोवर बोट दाबून त्यातील मजकूर थेट उचलता येतो, त्याने वाचनाच्या चुका टळणार नाहीत का?

घणसोली_तक्ता

काही टळतील, पण एक नवी चूक येईल. अशा सोयी तक्त्याचा फोटो पुष्कळदा ओळीने न वाचता रकान्याने वाचतात. म्हणजे आधी सगळ्या विषयांची नावे एकाखाली एक येतात आणि नंतर सगळे गुण येतात. मधल्या एखाद्या विषयाचे गुण उजेडाच्या पट्ट्यामुळे उचललेच गेले नाहीत, तर त्याखालचे सगळे आकडे एकेक जागा वर सरकतात आणि शेवटचा विषय गुणांविना राहतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे शारीरिक शिक्षणासारख्या विषयाची नुसती श्रेणी असते, तिच्यामुळे यादीची लांबी बरोबर जुळल्यासारखी दिसते. दोन विषयांच्या गुणांची अदलाबदल झाली तर एकूण बेरीज तीच राहते, त्यामुळे टक्केवारी बरोबर आली तरी गणिताचे गुण विज्ञानासमोर बसलेले असू शकतात. त्या सोयीला तिसरा वाचणारा समजावे. दोन माणसांपैकी एकाची जागा तिने घेऊ नये.

श्रीरंग_नौपाडा

सर्वांचे आभार. आज सहकाऱ्यासोबत बसून तक्त्याची मांडणी बदलली. आता प्रत्येक मुलाच्या पानावर सर्वांत वर परीक्षा मंडळ व वर्ष राहील. त्याखाली विषय, कमाल गुण, अंकी गुण, अक्षरी गुण आणि शंका असे रकाने राहतील. तळाशी वाढीव गुण, छापील एकूण, ते कितीपैकी आणि छापील टक्केवारी या चार गोष्टी उतरवल्या जातील. दोघांच्या नोंदी विषयवार जुळल्या, बेरीज छापील एकुणाशी जुळली आणि वगळलेल्या विषयाचे अक्षरी गुण वाचले गेले, की मगच फोटो पुसायचा असे ठरवले आहे. आसन क्रमांक टक्केवारीला लागत नाही, म्हणून तो तक्त्यात घेणार नाही.

त्या मुलीच्या वडिलांशी फोनवर बोलणे झाले. तिच्या नावासमोर ८५.४० लिहिले आहे आणि हिंदीसमोर ‘७६ किंवा ७०’ अशी नोंद ठेवली आहे.

कळवा_पूल

तिला गावाहूनही हिंदीचे गुण कळवता येतील. राज्य मंडळाची दहावीची गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळते. तिने स्वतःच्या खात्यातून ती उघडावी आणि आपल्याला केवळ तो एक आकडा सांगावा, पुन्हा फोटो मागवण्याची आवश्यकता नाही. मात्र तिने सांगितलेल्या आकड्यासमोर ‘विद्यार्थिनीने कळवले’ असे लिहावे, कारण आपण डोळ्यांनी पाहिलेला आणि ऐकलेला आकडा यांचे मोल एकच नाही.

खारघर_आई

श्रीरंगजी, तुमच्या वसाहतीत सीबीएसईची मुलेही असतीलच. राज्य मंडळाच्या मुलांना सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरले जातील आणि ज्या सीबीएसईच्या मुलाने पाचच विषय घेतले त्याचे पाचही धरले जातील, तर ८५ टक्क्यांची अट दोघांना सारखी कशी ठरेल?

नेरूळकर

ज्याच्या त्याच्या परीक्षा मंडळाच्या रूढ पद्धतीने येते ती टक्केवारी धरावी, असे मला वाटते. २०१० साली बेस्ट ऑफ फाइव्ह अकरावीच्या प्रवेशासाठी आले तेव्हाही याच मुद्द्यावरून वाद झाला होता आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वसाहतीच्या शिष्यवृत्तीत तो नव्याने सुटणार नाही.

कळवा_पूल

मला ते तेवढे सोपे वाटत नाही. तक्त्यात सर्व विषय असल्यास दोन्ही टक्केवाऱ्या मांडता येतात, आणि मग सभेने विचारपूर्वक एक निवडावी. निवड करण्यासाठी आकडे तरी पूर्ण हवेत.

श्रीरंग_नौपाडा

हा प्रश्न रविवारच्या सभेत मांडतो. माझे स्वतःचे मत अजून बनलेले नाही. दरम्यान यंदाच्या बाकीच्या नोंदी वरच्या सूत्रांनी तपासल्या. बहुतेक जुळल्या. एका मुलाच्या पानावर पाच विषयांची बेरीज छापील एकुणापेक्षा पाचाने कमी येते, दोन्ही वह्यांत सामाजिक शास्त्रांचे गुण ८३ आहेत आणि वाढीव गुणांचा उल्लेख कुठेच नाही. त्याने इंटरमिजिएटची परीक्षा दिली होती का आणि त्याचे सामाजिक शास्त्रांचे गुण ८३ आहेत की ८८, हे दोन्ही प्रश्न त्याच्या आईला आजच विचारले आहेत.